पाच फुटी ओटा, भाड्याचं घर: इंडक्शन घ्यावं की गॅसच बरा?

उंबरठा

नमस्कार मंडळी. पुण्यात भाड्याने वन बीएचके घेतलंय, आम्ही दोघंच असतो. स्वयंपाकघर म्हणजे बोळ आहे. ओटा पाच फूट, त्यातला दीड फूट सिंकने खाल्लेला. ओट्याखाली सिलिंडर ठेवला की डब्यांना जागा उरत नाही. खिडकी एकच, तीही डक्टमध्ये उघडते. पंखा लावला तर शेगडी फडफडते, नाही लावला तर एप्रिल-मे मध्ये पोळ्या होईपर्यंत मी पार भिजलेली असते.

नवऱ्याचं म्हणणं, गॅस परत करून टाकू आणि सगळं इंडक्शनवर करू. मला धीर होत नाही. कोणी पूर्णपणे इंडक्शनवर राहतंय का? बिल किती वाढतं? आणि मुख्य म्हणजे पोळ्यांचं काय?

कडीपत्ता

डोळे मिटून इंडक्शन घ्या! गॅसची चाळीस टक्के उष्णतासुद्धा भांड्यात जात नाही, बाकीची तुमच्या अंगावर येते. इंडक्शन नव्वद टक्के वापरतं. म्हणजे वीज स्वस्तच पडणार, साधा हिशेब आहे. आम्ही दोन वर्षं चहा, मॅगी, अंडी सगळं त्यावरच करतो.

मीनाकाकू

चहा-मॅगी-अंडी म्हणजे स्वयंपाक नव्हे रे बाबा. तिने पोळ्यांचं विचारलंय.

रेणू_श्टुटगार्ट

आमच्याकडे घरात आधीपासूनच चार झोनचा इंडक्शन ओटा होता. सात वर्षं झाली, गॅसची आठवणही येत नाही. पुरणपोळीसुद्धा होते. सपाट काचेवर एक फडकं फिरवलं की ओटा साफ. नक्की घ्या.

तीनपिनी

रेणूताई, तुमच्याकडे त्या ओट्याला भिंतीतून वेगळी थ्री फेजची लाइन आलेली असते. इथे प्रश्न भाड्याच्या घरातला आहे, तिथे एक सुट्टी प्लेट आणि भिंतीवर जो काय बोर्ड असेल तो. या दोन्हीत फार फरक आहे.

उंबरठाताई, मी तीस वर्षं वायरिंगची कामं करतोय. इंडक्शन कोणत्या कंपनीचं घ्यायचं ते नंतर बघा, आधी ओट्यावरचा बोर्ड बघा. दोन हजार वॉटची प्लेट पावणेनऊ अँपिअर ओढते. मिक्सरचा जो छोटा सॉकेट असतो तो सहाचा. त्यावर ती चालत नाही म्हणजे चालते, पण सॉकेट वितळेपर्यंत. मोठा पंधरा-सोळाचा पॉइंट लागतो, आणि मागे अडीच चौरस मिलिमीटरची वायर. जुन्या बिल्डिंगमध्ये बाहेर मोठा सॉकेट लावलेला असतो आणि आत दीडची वायर निघते, हे मी स्वतः कितीदा बघितलंय.

दुसरी गोष्ट, त्याच लाइनवर आणखी काय काय आहे ते शोधा. किचनचा एमसीबी पाडा आणि घरभर फिरून काय काय बंद पडलं ते बघा. समजा फ्रिज, मायक्रोवेव्ह आणि मिक्सर तिथेच असतील. इंडक्शनचे पावणेनऊ, मायक्रोवेव्हचे साधारण पाच-सहा, मिक्सरचे तीन, वर फ्रिज. सोळाचा एमसीबी जेमतेम टिकेल किंवा नेमका पाहुणे आल्यावर पडेल. एमसीबी पडतो म्हणून बत्तीसचा टाकून देणारे महाभाग असतात. तसं करू नका. मग एमसीबी पडत नाही, वायर जळते.

उंबरठा

बापरे. आमच्याकडे ओट्यावर दोन छोटे सॉकेट आणि एक मोठा आहे. मोठ्यावर मायक्रोवेव्ह आहे. बिल्डिंग साधारण वीस वर्षं जुनी. मोठा-छोटा असा बदलायचा तो अडॅप्टर मिळतो ना, तो लावला तर?

तीनपिनी

तो अडॅप्टर म्हणजेच आगीचं आमंत्रण. एक्स्टेन्शन बोर्डही नको. मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन एकाच मोठ्या पॉइंटवर आलटून-पालटून चालवा, नाहीतर मालकाला सांगून मेन बोर्डापासून वेगळी अडीचची लाइन ओढून घ्या. किचन मेन बोर्डापासून लांब नसेल तर पट्टी मारून अर्ध्या दिवसाचं काम आहे.

आहे तो पॉइंट बरा आहे का ते असं कळतं. पातेल्यात दोन-तीन लिटर पाणी घेऊन प्लेट फुल्लवर वीस मिनिटं चालवा. मग आधी बटण बंद करा, पिन काढा आणि पिनेचा बाहेरचा भाग हाताने बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, प्लास्टिक पिवळं-तपकिरी पडलं असेल, किंवा बोर्डाजवळ मासळी जळल्यासारखा वास येत असेल तर वापर तिथेच थांबवा. बऱ्याचदा वायर चांगली असते, सॉकेटच्या मागचा स्क्रू सैल असतो. इलेक्ट्रिशियनचं दहा मिनिटांचं काम.

निळू_डोंबिवली

माझा प्रश्न थोडा वेगळा. आमच्याकडे इंडक्शनवरच्या स्टीलच्या पातेल्याला हात लावला की मुंग्या येतात, अनवाणी असलं की जास्तच. दुकानदार म्हणाला चुंबकाच्या लहरी असतात, सवय होईल.

कडीपत्ता

हो, रेडिएशन असतं थोडं. मोबाइलसारखंच. काही होत नाही.

तीनपिनी

रेडिएशन-बिडिएशन काही नाही. निळूभाऊ, तुमच्या पॉइंटला अर्थिंग नाही किंवा कुठेतरी तुटलंय. प्लेटच्या आतून थोडा करंट गळतो, त्याला अर्थिंगमधून जायला वाट मिळाली नाही की तो पातेल्यातून तुमच्यामार्फत जमिनीत जातो. त्या करंटची सवय करून घेऊ नका. उद्याच माणूस बोलवा आणि तोवर प्लेट वापरू नका. चप्पल घालून स्वयंपाक करणं हा उपाय नाही. आज मुंग्या आहेत, उद्या आत खरंच शॉर्ट झालं तर मुंग्यांवर भागणार नाही.

निळू_डोंबिवली

दोन पिनांचं मल्टिप्लग लावलंय मध्ये… आत्ता बघितलं. तिसरी पिन हवेतच आहे. काढतो.

हिशेबनीस

बोर्डाचं झालं, आता बिलाकडे येऊ. उंबरठा, दोन आकडे द्या. सध्या महिन्याला किती युनिट येतात, आणि सिलिंडर किती दिवस पुरतो?

उंबरठा

युनिट १२० ते १३० च्या मध्ये, महावितरणचं मीटर. सिलिंडर मागचा ५८ दिवस गेला. आंघोळीचं पाणी सोलरवर, गॅसवर नाही.

हिशेबनीस

छान. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये जेवढी उष्णता असते ती विजेत मोजली तर साधारण १८० युनिट होते. शेगडीवरून त्यातली साठ टक्के भांड्यात गेली असं धरू, म्हणजे १०८. तेवढीच उष्णता इंडक्शनने द्यायची, आणि इंडक्शनचंही पंधरा टक्के वाया जातं, तर मीटरवर १२७ च्या आसपास युनिट पडतील. म्हणजे ढोबळमानाने एक सिलिंडर बरोबर १२५ ते १३० युनिट. हा आकडा लक्षात ठेवा.

तुमचा सिलिंडर ५८ दिवस जातो, म्हणजे महिन्याला ६५-६६ युनिटांचा स्वयंपाक. आता खरी मेख. ही ६६ युनिटं सरासरी दराने पडत नाहीत. तुमची पहिली शंभर आधीच फ्रिज-पंख्यात संपलेली आहेत, त्यामुळे ही सगळीच्या सगळी १०१ ते ३०० च्या टप्प्यात जाऊन बसतात. माझ्या स्वतःच्या बिलात या टप्प्यातलं एक युनिट, वहन आकार आणि वीज शुल्क धरून, साडेबारा रुपयांच्या आसपास पडतं. पहिल्या शंभरातलं सातच्या आत. दर बदलत राहतात, तेव्हा तुमच्या बिलाच्या मागच्या बाजूचा तक्ता बघून घ्या.

६६ गुणिले साडेबारा, म्हणजे सव्वाआठशे रुपये महिन्याला वाढले. सिलिंडर साडेआठशेला धरला तर तुमचा गॅसचा महिन्याचा खर्च ४४० आहे. म्हणजे सगळं इंडक्शनवर नेलंत तर स्वयंपाकाचा खर्च जवळजवळ दुप्पट होतो.

कडीपत्ता

पण तुम्ही गॅसला साठ टक्के दिलेत! प्रत्यक्षात चाळीसच असतात. मोठ्या ज्वाळा बाजूने जातात.

हिशेबनीस

बरं, तुमच्या मनासारखं करू. चाळीस धरा, आणि इंडक्शनला नव्वद. मग सिलिंडर ८० युनिटांबरोबरीचा झाला. ८५० भागिले ८०, म्हणजे युनिट साडेदहाच्या खाली असेल तरच वीज स्वस्त. त्यांचं युनिट साडेबाराचं आहे. तुमच्या आकड्यांनीही गॅसच स्वस्त. (माझ्या आकड्यांनी ही सीमा पावणेसात रुपयांवर येते.)

एकटाजीव

माझं उलट आहे. एकटा राहतो, दिवसभर ऑफिस, बिल ४५ युनिट. इंडक्शनवर वरणभात आणि अंडी केली तरी पासष्टच्या वर जात नाही. शंभरच्या आतच राहतो, म्हणजे मला वीज परवडते असं दिसतंय?

हिशेबनीस

अगदी. तुमच्या बाबतीत जवळपास बरोबरी आहे, आणि पाच किलोचा छोटा सिलिंडर बाजारभावाने आणत असाल तर वीज नक्कीच स्वस्त. म्हणून सरसकट उत्तर देता येत नाही. तुमचं शेवटचं युनिट कोणत्या टप्प्यात पडतं ते बघायचं.

निळू_डोंबिवली

आणि पाइपचा गॅस असेल तर?

हिशेबनीस

तर सिलिंडर ठेवायच्या जागेचा प्रश्नच मिटतो, आणि उंबरठाबाईंचा अर्धा धागाही. पण त्यांच्याकडे तो नाहीये.

मीनाकाकू

झाले का हिशेब? मग आता पोळीकडे वळते, कारण पैसे देऊनही कच्ची पोळी कोण खाईल.

उंबरठा, तुझा तवा नुसता सपाट ओट्यावर ठेव. डोलतो का? आपला घरचा लोखंडी तवा खोलगट असतो, म्हणजे खालून फुगीर. इंडक्शनवर तो मधोमध रुपयाएवढाच टेकतो. एकतर मशीन भांडंच नाही म्हणून टींटीं ओरडतं, नाहीतर मध्ये जळतो आणि कडेला थंड राहतो. म्हणून सपाट तवा घे, चांगला जाड. लोखंड किंवा बीड दोन्ही चालतं.

पण सपाट तव्यावरही खोड आहेच. काचेखालचं वेटोळं सात इंचांपेक्षा मोठं क्वचितच असतं. तवा दहा इंचांचा. लगेच फुल्लवर टाकलास तर मधला भाग लाल व्हायच्या बेतात येतो आणि पोळीची कड पांढरी राहते. पहिल्यांदा माझ्या प्रत्येक पोळीला मध्ये काळं गंध लागलं होतं. आता मी आठशेवर ठेवते, पाच मिनिटं नुसता तापू देते म्हणजे उष्णता कडेपर्यंत पसरते, आणि मगच पहिली पोळी टाकते. पोळ्या संपेपर्यंत आठशे-बाराशेत खेळते. घडीची पोळी मस्त होते, कारण ती तव्यावरच पूर्ण भाजायची असते. फडक्याने कड दाबली की पदर सुटतात.

फुलका मात्र विसर. भाकरीही तशीच. पाण्याची बाजू तव्यावर भाजली, उलटली, आणि मग आपण तिला विस्तवावर उभी करतो तेव्हा ती टम्म फुगते. तव्यावरच दाबून दाबून फुगवली तर फुगते, पण पापुद्रा जाड राहतो आणि गार झाली की चामडं. माझ्या घरी इंडक्शन चार वर्षं आहे आणि एक बर्नर गॅसचा फक्त भाकरी, पापड आणि भरताच्या वांग्यासाठी ठेवलाय.

रेणू_श्टुटगार्ट

काकू, भरताचं वांगं मी ओव्हनमध्ये करते. चव तीच नाही येत, खरंय.

उंबरठा

काकू, घरातला तवा खरंच डोलतोय! आणि आमचा कुकर अॅल्युमिनियमचा आहे. तोही जाणार का?

मीनाकाकू

फ्रिजवरचं चुंबक काढ आणि बुडाला लाव. चिकटलं तर चालतो. साधा अॅल्युमिनियमचा नाही चालणार, इंडक्शन बेसचा लागेल. त्याच्या बुडाला लोखंडी चकती बसवलेली असते. पितळी पातेलं, तांब्या, मातीची कढई, सगळं बाद. स्टीलची काही चिकटतात, काही नाही, एकेक करून बघ.

एकटाजीव

अवांतर: माझं दूध मंद आचेवरही उतू जातं. ३०० वर ठेवून सुद्धा. गॅसवर असं होत नव्हतं.

तीनपिनी

अवांतर नाही ते, कामाचं आहे. स्वस्त प्लेटवर ३०० म्हणजे ३०० नसतंच. आतलं यंत्र एका मर्यादेखाली सलग चालत नाही, मग ते हजार वॉटवर तीन-चार सेकंद चालतं, बंद होतं, पुन्हा चालतं, आणि सरासरी ३०० येते. पातळ पातेल्यात थोडं पाणी ठेवून बघा, बुडबुडे येतात, थांबतात, परत येतात. कान दिलात तर घूं आवाजही सुरू-बंद होताना ऐकू येतो. दूध नेमकं त्या चालूच्या झटक्यात वर येतं. फोडणीची मोहरी करपते तीही त्याच झटक्यात.

उपाय म्हणाल तर जाड बुडाचं भांडं. ते हे झटके पोटात घेतं. नवीन घेताना दुकानातच पाणी ठेवून सगळ्यात कमी आकड्यावर चालवून दाखवायला सांगा. सलग बारीक उकळी राहिली तर प्लेट चांगली.

आणखी एक. प्लेटच्या पोटात पंखा असतो, तो खालून हवा ओढतो. खाली वर्तमानपत्र किंवा प्लास्टिकचं टेबलमॅट घालू नका, भिंतीला चिकटवू नका. माझ्याकडे आलेल्या मेलेल्या प्लेटांपैकी निम्म्यांत तेलाचा थर आणि झुरळं निघतात.

कडीपत्ता

मान्य, हिशेबात मी हरलो. पण गरमीचं कोणीच बोललं नाही. मूळ तक्रार घामाची होती.

हिशेबनीस

हे मात्र बरोबर बोललात. गॅसवर जे चाळीस टक्के भांड्यात जात नाही ते त्या बोळातच राहतं, आणि ज्वलनातून येणारी वाफही. इंडक्शनवर उकळत्या भाजीची वाफ तेवढीच येते, पण बाकीचं नाही, आणि मुख्य म्हणजे पंखा चालू ठेवता येतो. त्याला किती पैसे द्यायचे ते ज्याचं त्याने ठरवायचं.

उंबरठा *(तीन आठवड्यांनी)*

अहवाल द्यायला आलेय. तीनपिनीदादांची वीस मिनिटांची चाचणी केली, पिन चांगलीच गरम लागली. इलेक्ट्रिशियन आला, सॉकेट उघडलं तर आतलं प्लास्टिक तपकिरी आणि एक स्क्रू सैल. वायर अडीचची निघाली, नशीब. सॉकेट बदललं, आता कोमट राहते. मायक्रोवेव्ह आणि इंडक्शन आलटून-पालटून, म्हणजे सकाळी थोडी कसरत होते.

सध्या चहा, दूध, कुकर, भाजी इंडक्शनवर आणि पोळ्या गॅसवर. रोज रात्री मीटरचा आकडा लिहून ठेवतेय. आधी दिवसाला ४.२ युनिट जायची, आता ५.६. म्हणजे दिवसाला १.४, महिन्याला ४२ युनिट, सव्वापाचशे रुपये. हिशेबनीसांच्या पद्धतीने तेवढ्या उष्णतेचा गॅस २८० रुपयांचा. म्हणजे पंख्याखाली स्वयंपाक करायचे अडीचशे रुपये महिना पडतायत. मे महिन्यात मी ते आनंदाने देईन. पावसाळ्यात बघू.

पण सिलिंडर तिथेच आहे ओट्याखाली आणि डबे अजून जमिनीवर. नवरा म्हणतो, पोळीवाल्या मावशींना लावू म्हणजे गॅसच नको.

मीनाकाकू

मावशी कुठे करणार पोळ्या, तुझ्याच ओट्यावर ना? त्यांना आधी विचार, त्या इंडक्शनवर लाटतील का. आमच्या मावशींनी तर हातच लावला नाही.

उंबरठा

विचारलं काकू. म्हणाल्या, "ताई, ज्योत दिसत नाही, मग ते चालू आहे का बंद कसं कळायचं?"